नगाचा भाव आणि दिवसाची मजुरी

शर्टामागे वीस रुपये. शिलाईच्या वर्कशॉपमध्ये नवीन बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला बहुधा एवढंच सांगितलं जातं. महिन्याचा पगार किती, जादा तासांचे काय मिळणार, हे प्रश्न तिथे निघतच नाहीत, कारण काम ‘नगावर’ असतं. जेवढे नग शिवाल तेवढे पैसे. ऐकायला हा व्यवहार सरळ वाटतो. ज्याचा हात चालतो त्याला जास्त मिळतं, आणि मालकाला कुणाच्या मागे उभं राहावं लागत नाही.

पण किमान वेतनाचा कायदा नग मोजत नाही. तो दिवस आणि तास मोजतो. म्हणून शर्टामागे वीस रुपये हा भाव पुरेसा आहे की कमी, हे नुसत्या भावावरून कुणालाच सांगता येत नाही, मालकालाही नाही आणि कारागिरालाही नाही. त्यासाठी नगांचा हिशेब तासांच्या हिशेबाशेजारी मांडावा लागतो. ही मांडणी चौथीच्या गणिताएवढी सोपी आहे. तरी ती फारच थोड्या ठिकाणी होते आणि जिथे होते तिथेही बऱ्याचदा चुकीची होते. ती चूक नेमकी कुठे लपते, तेच इथे दाखवायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात १७ व्या कलमात नगावर काम करणाऱ्यांबद्दल स्पष्ट तरतूद होती. सरकारने एखाद्या उद्योगासाठी दिवसाचा किंवा महिन्याचा किमान दर ठरवला असेल आणि नगाचा वेगळा किमान दर ठरवला नसेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही त्या वेळेच्या दरापेक्षा कमी देता येणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता लागू झाली. तरतूद मात्र तीच राहिली. म्हणजे नगाचा भाव हा मजुरी मोजायचा एक मार्ग आहे आणि किमान वेतन ही त्याखालची जमीन आहे. नगांचे पैसे त्या जमिनीच्या वर कितीही जावोत, कायद्याची हरकत नाही. खाली गेले, तर फरक मालकाने भरून द्यायचा असतो.

ही जमीन महाराष्ट्रात कशी ठरते, तेही माहीत असायला हवं. प्रत्येक अनुसूचित उद्योगासाठी सरकार मूळ दर जाहीर करतं. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल कामगारांसाठी तो वेगळा असतो, आणि गाव-शहराप्रमाणे परिमंडळं पाडलेली असल्यामुळे ठिकाणानुसारही बदलतो. त्यावर महागाईशी जोडलेला ‘विशेष भत्ता’ असतो आणि तो दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, बदलतो. मूळ दर अधिक विशेष भत्ता म्हणजे किमान वेतन. हा भत्ता विसरून केवळ मूळ दराशी तुलना करणं ही नेहमी घडणारी पहिली चूक. दर महिन्याचा दिला असेल तर रोजचा काढण्यासाठी २६ ने भागतात. आठवड्याच्या सुट्टीचे पैसे त्या २६ दिवसांत सामावलेले असतात.

दर सारखे बदलत असल्यामुळे इथे मी हिशेबाला सोपा आकडा धरते. समजा, आपल्या कारागिराच्या वर्गासाठी मूळ दर आणि भत्ता मिळून महिन्याला १३,००० रुपये होतात. २६ ने भागलं की रोजचे ५०० रुपये. आठ तासांनी भागलं की तासाचे साडेबासष्ट. वाचकांनी आपला हिशेब करताना या जागी त्या सहामाहीचा खरा दर घालावा. तो कामगार विभागाच्या संकेतस्थळावर आणि कामगार कार्यालयात मिळतो.

एका आठवड्याचा हिशेब

शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूरचं नाव देशभर आहे. जून उजाडण्याआधीचे दोन-तीन महिने तिथल्या वर्कशॉपमध्ये मशीन थांबत नाहीत. अशा एका वर्कशॉपमधल्या कारागिराचा आठवडा आपण डोळ्यांसमोर आणू. तिला सुनंदाबाई म्हणू. ही बाई आणि हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण शिलाईच्या धंद्यात वावरलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

सुनंदाबाई अर्ध्या बाह्यांचा गणवेशाचा शर्ट पूर्ण शिवतात. कॉलर, खांदा, बाही, बाजूची शिलाई, खालची पट्टी, सगळं त्यांच्याकडे. काज-बटन आणि इस्त्री दुसरीकडे होते. भाव शर्टामागे वीस रुपये. कापलेला माल शेजारी असला, मशीन नीट चालत असलं आणि मध्ये काही आलं नाही, तर त्यांना एका शर्टाला अठरा मिनिटं लागतात. मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, त्यांनी भाव ठरवताना हाच हिशेब केला होता. आठ तासांची ४८० मिनिटं, भागिले अठरा, म्हणजे सव्वीस शर्ट आणि वर थोडं. सव्वीस गुणिले वीस म्हणजे ५२० रुपये. रोजचं किमान वेतन ५००. भाव बरोबर बसला, असं शेठना प्रामाणिकपणे वाटलं.

कामाची वेळ नऊ ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे आठ तास. सोमवारी सगळं सुरळीत होतं आणि सुनंदाबाईंनी २६ शर्ट शिवले. मंगळवारी दुपारी दोन तास वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालले, त्या दिवशी २० झाले. बुधवारी ऑर्डरची घाई होती म्हणून त्या दोन तास जास्त थांबल्या आणि ३२ केले. गुरुवारी सकाळी कटिंगच आलं नव्हतं. साडेबारापर्यंत सगळ्या बायका बसून होत्या, आणि उरलेल्या वेळात १५ शर्ट झाले. शुक्रवारी पुन्हा दोन तास जादा, पण चेकिंगमधून कॉलर उसवून पुन्हा लावण्यासाठी काही शर्ट परत आले होते. त्या ‘अल्टर’मध्ये दीड तास गेला, त्याचे पैसे नाहीत, आणि नवे शर्ट २८ झाले. शनिवारी परत दोन तास जादा आणि ३२ शर्ट.

आठवड्याचे एकूण १५३ शर्ट. वीस रुपयांनी ३,०६० रुपये. शेठ कॅल्क्युलेटरवर सहाने भागतात, ५१० येतात. “बघा सुनंदाताई, पाचशेच्या वरच पडलं तुम्हाला,” ते म्हणतात. सुनंदाबाईंनाही तेच दिसतं. भागाकार बरोबर आहे, तरीही हिशेब चुकला आहे.

चूक अशी की त्या सहा दिवसांत आठ-आठ तासांचे दिवस नव्हते. तीन दिवस दहा तासांचे होते. वीज गेली तेव्हा आणि कटिंगची वाट पाहिली तेव्हाही सुनंदाबाई घरी नव्हत्या, मशीनसमोर शेठच्या हाताखालीच होत्या. म्हणून आठवड्याचे एकूण तास ५४ झाले. ३,०६० ला ५४ ने भागलं की तासाला छप्पन्न रुपये आणि काही पैसे पडतात. किमान दर साडेबासष्ट आहे. सहाने भागून जो आकडा वर दिसत होता, तो ५४ ने भागल्यावर खाली गेला.

पण एवढ्यावरही हिशेब संपत नाही. आठवड्याला ४८ तासांपुढचं काम जादा काम असतं आणि त्याचा दर दुप्पट. म्हणून सुनंदाबाईंना किमान काय मिळायला हवं होतं ते असं निघतं: पहिल्या ४८ तासांचे साडेबासष्टने ३,००० रुपये. उरलेल्या सहा तासांचे सव्वाशेने ७५० रुपये. एकूण ३,७५०. मिळाले ३,०६०. त्यातून शेठनी दोऱ्याच्या रिळांचे आणि मोडलेल्या सुयांचे साठ रुपये कापून घेतले, म्हणजे हातात बरोबर ३,००० पडले. एका आठवड्यात साडेसातशे रुपये कमी, आणि तरी कुणाच्याही मनात फसवण्याचा हेतू नव्हता.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे. नगावरच्या कामात किमान वेतन बुडतं ते बहुतेक वेळा भाव उघडपणे कमी असल्यामुळे नव्हे, तर जादा तासांचे नग मूळ दिवसाच्या नगांत मिसळून जातात म्हणून. रोज रात्री दोन तास थांबून बाई पाचशेचा आकडा गाठते, आणि तो गाठला गेला म्हणून भाव पुरेसा ठरतो. एखाद्या वर्कशॉपमध्ये ‘आमच्याकडे सगळ्यांचे पाचशे पडतात’ असं ऐकलं, तर पुढचा प्रश्न एकच विचारायचा: किती तासांत?

बसून राहिलेला वेळ कुणाचा?

गुरुवारच्या सकाळबद्दल शेठचं म्हणणं असं असू शकतं: कटिंग आलं नाही हे खरं, पण मग मी काय करू? काम झालं नाही त्याचे पैसे कुठून देऊ? छोट्या वर्कशॉपवाल्याची ही अडचण मी नाकारत नाही. त्यालाही व्यापाऱ्याकडून नगामागेच पैसे मिळतात, आणि कापड उशिरा आलं तर त्याचाही दिवस वाया जातो. पण कायद्याने या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे. ठरलेल्या दिवसापेक्षा कमी काम झालं आणि त्याचं कारण कामगाराची काम करायची अनिच्छा हे नसेल, तर त्याला पूर्ण दिवसाचं किमान वेतन मिळायला हवं. जुन्या कायद्यात ही तरतूद होती आणि नव्या संहितेतही आहे. नियमांत काही अपवाद सांगता येतात, पण कटिंग उशिरा येणं हे कामगाराच्या इच्छेवर नसतं.

मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते, कारण नगाच्या भावात एक गोष्ट सहज घडते. धंद्याचा सगळा खोळंबा मालकाच्या खात्यातून उचलून कारागिराच्या खात्यात टाकला जातो. वीज, कटिंग, बिघडलेलं मशीन, साइझ बदलताना लागणारा वेळ, यांपैकी कशावरही सुनंदाबाईंचा ताबा नाही. ताबा ज्याचा, त्याने खोळंब्याचा खर्च सोसायचा. तसं झालं तर शेठ कटिंग मास्तरला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवतील. खर्च दुसऱ्यावर पडत असेल, तर ते विचारायची गरजच उरत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने याबाबत दोन पावलं उचलली. २०१६ पासून तिथे नगावर काम करणाऱ्याला विश्रांतीच्या आणि बसून राहिलेल्या वेळेचे पैसे वेगळे मोजून द्यावे लागतात. आणि शिलाई उद्योगात तर २०२२ च्या १ जानेवारीपासून नगावर मजुरी देणंच बंद झालं, तासाची मजुरी द्यावी लागते. त्याहून जास्त काही मालक-कामगार मिळून ठरवत असतील तर ती मुभा राहिली. आपल्याकडे नगाची पद्धत बंद व्हावी असं मी म्हणत नाही. हात चांगला असलेले अनेक कारागीर नगावरच राहणं पसंत करतात, कारण किमान वेतनाच्या दीडपट ते सहज कमावतात. त्यांचं ते कमावणं राहो. पण खालची जमीन सगळ्यांसाठी शाबूत हवी.

अल्टरचा दीड तास हा थोडा वेगळा प्रश्न आहे. कॉलर खरंच वाकडी लागली असेल, तर ती नीट करून देणं कारागिराचं काम आहे, आणि त्या दुरुस्तीचे वेगळे नगाचे पैसे नाहीत हे समजण्यासारखं आहे. पण तो वेळही कामाचाच वेळ आहे आणि किमान वेतनाच्या हिशेबात तो धरावाच लागतो. शिवाय कॉलर वाकडी का लागली ते पाहावं लागतं. कटिंगमध्ये कॉलरचा तुकडा दोन सूत कमी कापला गेला असेल, तर दोष शिलाईचा नाही. म्हणून परत आलेल्या मालावर कारण लिहून घेण्याची सवय कारागिराने लावावी.

दोरा आणि सुयांच्या साठ रुपयांबद्दल मात्र शंकेला जागाच नाही. पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यात आहे, आणि मालक पुरवतो त्या सोयी-सेवांचे पैसे कापायची परवानगी देताना तिथेच खुलासा केला आहे की कामासाठी लागणारी हत्यारं आणि कच्चा माल यांना ‘सेवा’ धरायचं नाही. म्हणजे सुई, दोरा, बॉबिन, मशीनचं तेल यांचे पैसे कामगाराच्या मजुरीतून कापता येत नाहीत. खराब झालेल्या मालाचं नुकसान कापायचं असेल, तर आधी कामगाराचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. हिशेबाच्या वेळी कागदावर परस्पर मारलेली फुली याला पुरत नाही.

भाव किती असायला हवा होता?

आता शेठच्या बाजूने विचार करू. त्यांना भाव नीट ठरवायचा आहे. अठरा मिनिटांचा आकडा त्यांनी मशीन सलग चालताना पाहून घेतला, तिथेच पाय घसरला. मोठ्या गारमेंट कारखान्यांत यासाठी घड्याळ लावून प्रत्येक क्रियेची वेळ मोजतात. बंडल उचलणं, कॉलर बसवणं, दोरा कापणं, बंडल बाजूला ठेवणं, सगळं त्यात येतं. मग दोरा तुटणं, बॉबिन बदलणं, पाणी पिणं, थकवा यांसाठी त्यात वेळ वाढवतात, आणि त्यातून ‘स्टँडर्ड मिनिट’ ठरतं. छोट्या वर्कशॉपला घड्याळ घेऊन बसायची गरज नाही. त्यांच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या कामाची वही.

सुनंदाबाईंच्या आठवड्यात ५४ तासांत १५३ शर्ट झाले. आठ तासांचे साधारण पावणेतेवीस पडतात. सव्वीस नव्हे. ५०० ला त्याने भागलं की शर्टामागे सुमारे बावीस रुपये येतात. म्हणजे भाव फक्त दोन रुपयांनी कमी होता. वीज आणि कटिंगचे खोळंबे नेहमीचेच असतील, तर नुसतं किमान वेतन गाठण्यासाठी बावीस रुपये हवेत. जादा तासांचे पैसे त्याहून वेगळे.

पण सुनंदाबाई सरावलेल्या आहेत. त्यांच्या शेजारी दोन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी बसली असेल, तर तिचे दिवसाला अठराच होतील. भाव सरासरी हातावर बेतला, तर सरासरीखालचे सगळे किमान वेतनाच्या खाली राहणार हे उघड आहे. ब्रिटनमध्ये यावर एक साधा नियम आहे. मालकाने आपल्या कामगारांची चाचणी घेऊन तासाला सरासरी किती नग होतात ते काढायचं, त्याला १.२ ने भागायचं, आणि जो आकडा येईल त्याने तासाच्या किमान वेतनाला भागून नगाचा भाव ठरवायचा. २००५ पासून तिथे असा भाव लावला जातो. त्यामुळे सरासरीपेक्षा थोडा हळू हात असलेलाही किमान वेतनाला पोचतो. आपल्या उदाहरणात पावणेतेवीसला १.२ ने भागलं तर एकोणीसच्या आसपास येतात आणि भाव शर्टामागे साडेसव्वीस रुपयांच्या घरात जातो. भारतात हा नियम नाही. पण आपला भाव कितपत पुरेसा आहे हे तपासायला मालकाला आणि संघटनेला तो चांगला उपयोगी पडेल. आपल्याकडे नियम नसला तरी जबाबदारी आहेच: त्या नव्या मुलीचे अठराच शर्ट झाले, तरी तिला तिच्या वर्गाचा किमान रोज द्यावाच लागतो.

इथे कुणी म्हणेल की मग हळू काम करणाऱ्याला फुकट पैसे मिळतील. तसं नाही. काम शिकवूनही कुणी फारच मागे राहत असेल तर मालकाकडे काम बदलून द्यायचे, पुन्हा शिकवायचे मार्ग असतात. मजुरी किमान दराखाली नेणं हा त्यांपैकी मार्ग नाही, मग त्याला कामगाराने स्वतः सही करून मान्यता दिली असली तरी. असा करार कायद्यात रद्दबातल ठरतो.

जादा कामाबद्दलही एक बारकावा आहे. ज्याला नगावर चांगले पैसे पडतात, त्याच्या जादा तासाचा दर किमान वेतनाच्या दुप्पट एवढाच नसतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने यासाठी पद्धत घालून दिली होती: आधीच्या महिन्यात तेच काम करताना पूर्ण दिवसांची जी रोजची सरासरी कमाई पडली, ती त्या कामगाराचा नेहमीचा दर समजायची, आणि जादा तासांना त्याच्या दुप्पट द्यायचे. गेल्या महिन्यात एखाद्याला आठ तासांना सरासरी ६४० पडत असतील, तर तासाचे ८० आणि जादा तासाचे १६०. कारखान्यांमध्ये ‘नगावर आहे, त्याला कसला ओव्हरटाइम’ असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याला या तरतुदीने फार आधीच उत्तर दिलेलं आहे.

‘तो नोकर नाही, कारागीर आहे’

हिशेब नीट मांडला की पुढचा बचाव येतो: ही माणसं आमची कामगारच नाहीत, ती येतात-जातात, नगाचे पैसे घेतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सिकंदराबादच्या सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात याच मुद्द्याचा निकाल दिला. तिथले शिंपी नगावर होते, ठरलेल्या वेळेचं बंधन त्यांच्यावर फारसं नव्हतं. तरी मालक माल नाकारू शकतो, उसवून पुन्हा शिवायला लावू शकतो, म्हणजे कामावर ताबा त्याचाच आहे, असं न्यायालयाने पाहिलं आणि ते शिंपी दुकानाचे कामगार ठरले. नगावर मजुरी मिळते एवढ्यामुळे कामगारपण जात नाही.

दुसरा निकाल १९८३ चा, राजस्थानातल्या दुष्काळी कामावरचा, संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार. रस्त्याच्या कामावर मजुरांच्या टोळ्या केल्या होत्या आणि टोळीने पंधरवड्यात किती काम केलं ते मोजून मजुरी सगळ्यांत वाटली जाई. किमान वेतन सात रुपये असताना अनेकांना त्याहून कमी मिळालं. न्यायालयाने सांगितलं की टोळीचं माप काहीही भरो, प्रत्येकाला किमान वेतन मिळालंच पाहिजे. त्याहून कमी देऊन काम घेणं हे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने बंद केलेल्या सक्तीच्या श्रमात मोडतं. शिलाईच्या लाइनमध्ये पूर्ण लाइनचे नग मोजून पैसे वाटतात, तिथे हा निकाल लक्षात ठेवावा. तपासणी लाइनची नाही, प्रत्येकाची करायची असते.

घरी बंडल नेऊन शिवणाऱ्या बायकांचा हिशेब याहून अवघड, कारण तिथे तास कुणी मोजतच नाही. १९४८ च्या कायद्याने घरी माल नेऊन काम करणाऱ्यालाही कामगाराच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतलं होतं. पण पैसे मोजताना बाई स्वतःच बंडल आणायला-पोचवायला गेलेला वेळ धरत नाही, मुलीने दोरे कापले ते धरत नाही आणि मशीनची वीज तर नाहीच नाही. हे सगळं वजा केल्यावर हातात काय उरतं ते एकदा तरी मांडून पाहायला हवं. तो आकडा बहुतेकींना आवडणार नाही, पण भाव मागताना त्याच्याइतकं पक्कं काही हातात नसतं.

म्हणून वही. शाळेची चाळीस पानी पुरते. रोज पाच गोष्टी लिहायच्या: आत आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, पूर्ण झालेले नग आणि त्यांचा भाव, बसून राहिलेला वेळ आणि त्याचं कारण, परत आलेला माल आणि त्याचं कारण, आणि कापलेले पैसे. त्याच दिवशी लिहायचं, आठवड्याने आठवून नाही. बंडलची चिठ्ठी मिळत असेल तर तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. आठवडा संपला की एकूण तास काढायचे, ४८ पर्यंतचे साध्या दराने आणि पुढचे दुप्पट दराने मांडायचे, आणि मिळालेल्या पैशांशी ताडून पाहायचे. फरक निघाला तर आधी मालकाला वहीसकट दाखवायचा. आमच्या सुनंदाबाईंच्या शेठसारख्या माणसाला बऱ्याचदा तेवढ्याने पटतं, कारण तो हिशेब त्याने स्वतः कधी मांडलेला नसतो.

पटलं नाही तर कामगार कार्यालयात तक्रार करता येते. कमी दिलेल्या वेतनासोबत त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकाऱ्याला दिला आहे. पूर्वी असा दावा सहा महिन्यांत करावा लागे. वेतन संहितेत ही मुदत तीन वर्षं झाली आहे, आणि वेतन दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण किती तास काम केलं याची नोंद अनेक वर्कशॉपमध्ये मालकाकडे नसतेच. ती आजपासून तुम्ही ठेवा, आणि घरात, शेजारी कुणी नगावर काम करत असेल तर त्यांनाही ठेवायला सांगा.